रेंडरमध्ये कोरीव वेलपट्टी विस्कटते किंवा गुळगुळीत होते: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

जुन्या धाटणीच्या दर्शनी भागाचं रेंडर लांबून पाहिलं तर छान दिसतं. दगडाचा रंग जमलेला असतो, सावल्याही बऱ्या असतात. मग कोणीतरी झूम करतं आणि छज्ज्याखालच्या वेलपट्टीवर येऊन थांबतं. प्रत्येक पानाला सात शिरा असायला हव्यात, तर एका पानाला पाच दिसतात, शेजारच्याला चार, आणि तिसऱ्यावर नुसताच फुगवटा. वेल पानाखालून जायला हवी, ती मध्येच पानात मुरते आणि पलीकडून वेगळ्याच जाडीची होऊन बाहेर येते. पट्टीखालच्या मणीमाळेत दोन मणी ठळक, एक पुसट, पुन्हा दोन ठळक.

यावर बहुतेक जण जे करतात ते मीही बरीच वर्षं केलं. सॅम्पल वाढवले, टेक्स्चर दुप्पट मोठं केलं, आणि शेवटी चित्रावर शार्पन मारलं. शार्पनने विस्कटलेली नक्षी आणखी ठसठशीत विस्कटते, एवढाच त्याचा उपयोग. अडचण अशी की वरून एकसारख्या दिसणाऱ्या या दोषाची मुळं निदान चार ठिकाणी असू शकतात, आणि एका ठिकाणचा उपाय दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. त्यामुळे आधी दोष कुठे आहे ते ठरवायचं आणि मगच सेटिंगला हात लावायचा.

मी Blender आणि Cycles वापरतो, म्हणून खाली बटणांची नावं तिथली आहेत. दुसरं रेंडरर असेल तर नावं बदलतील, हिशेब तोच राहील. उदाहरण म्हणून हातून गेलेलं एक काम घेतो, म्हणजे आकडे हवेतले वाटणार नाहीत.

आधी एक भागाकार

इमारतीची रुंदी २१ मीटर. चित्र ३८४० पिक्सेल रुंद, त्यातले ३००० पिक्सेल इमारतीने व्यापलेले, बाकी आकाश आणि झाडं. २१,००० मिलिमीटर भागिले ३००० म्हणजे एका पिक्सेलला ७ मिलिमीटर. हा आकडा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. पुढचं सगळं त्याच्यावर चालतं.

वेलपट्टी ४५० मिलिमीटर उंच होती आणि नक्षीचं एक आवर्तन ६०० मिलिमीटरचं, म्हणजे पूर्ण रुंदीत ३५ आवर्तनं. आता नक्षीतल्या एकेका घटकाला ७ ने भागून पाहू. वेलीचा देठ ३५ मिलिमीटर जाड, म्हणजे ५ पिक्सेल. पानाची एक पाळी साधारण ६० मिलिमीटर, म्हणजे साडेआठ पिक्सेल. मणीमाळेत एका मण्यापासून पुढच्या मण्यापर्यंतचं अंतर १८ मिलिमीटर, म्हणजे अडीच पिक्सेलांहून थोडं जास्त. आणि पानावरच्या शिरा एकमेकींपासून १२ मिलिमीटरवर, म्हणजे १.७ पिक्सेल.

एक रेघ आणि तिच्या शेजारची मोकळी जागा वेगळी दिसायला कमीत कमी दोन पिक्सेल लागतात. डोळ्याला ती रेघ म्हणून नीट वाचता यायला चार-पाच हवेत. शिरा दोनच्याही खाली आहेत. त्या या चित्रात दिसणं शक्यच नाही, मग मॉडेल कितीही चांगलं असो. सात शिरांच्या जागी पाच किंवा चार दिसतात त्या खऱ्या शिरा नसतातच. पिक्सेलांची जाळी आणि शिरांची जाळी एकमेकींवर पडून तयार झालेला तो तिसराच नमुना असतो.

हा भागाकार मी कामाच्या आधी करायला लागलो तेव्हापासून माझे निम्मे वाद मिटले. वास्तुरचनाकाराला आधीच सांगता येतं की या चित्रात पाळ्या आणि देठ नीट दिसतील, शिरा दिसणार नाहीत, शिरांसाठी वेगळं जवळचं चित्र देतो. चित्र दिल्यावर हेच सांगितलं तर ती सबब वाटते.

दोष मॉडेलमध्ये की चित्रात?

आता चाचणी. दुसरा कॅमेरा ठेवा, पट्टीच्या समोर, इतका जवळ की एकच आवर्तन चित्रभर येईल. ६०० मिलिमीटर जर १८०० पिक्सेलांत आले तर एका पिक्सेलला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा येतो. प्रकाश तोच, मटेरियल तेच ठेवा. डीनॉइजर बंद करा आणि चांगले दोन हजार सॅम्पल द्या. तुकडा लहान असल्याने वेळ फार लागत नाही.

मग मूळ नक्षीचं ड्रॉइंग किंवा नमुन्याचा फोटो शेजारी ठेवून मोजा. अक्षरशः मोजा: पाकळ्या किती, पानाला शिरा किती, वेल कुठे वर आणि कुठे खाली. 'बरोबर वाटतंय' यावर विसंबू नका. नक्षी बिघडली तरी डोळा ती सहज पुरी करून घेतो, आणि तीनशे वेळा तेच चित्र पाहिलेला डोळा तर हमखास. मी वेल आणि पान जिथे एकमेकांना छेदतात त्या जागा आधी पाहतो, कारण मॉडेल बिघडलं असेल तर तिथे सगळ्यात आधी कळतं.

जवळून नक्षी बिघडलेली दिसली तर दोष मॉडेलमध्ये, टेक्स्चरमध्ये किंवा बेकिंगमध्ये आहे. जवळून स्वच्छ आणि लांबून विस्कटलेली असेल तर दोष पिक्सेल, डीनॉइजर आणि प्रकाश यांच्यात आहे. या दोन वाटा कधी एकत्र करू नका. या कामात दोन्हीकडे दोष होते, आणि म्हणूनच पहिले तीन दिवस मी नुसता गोल फिरत होतो. एका बाजूचं काहीतरी सुधारायचं, दुसऱ्या बाजूमुळे फरक दिसायचा नाही, मग सुधारलेलं परत उलटवायचं.

जवळूनच बिघडलेली असेल तर

कारागिराने दगडात कोरलेला एक नमुना तुकडा होता. त्याचे फोटो घेऊन बनवलेला स्कॅन मला मिळाला, सव्वा कोटीच्या आसपास त्रिकोणांचा. तो तसाच वापरणं जड म्हणून माझ्या आधी कोणीतरी Decimate लावून तो ८,००० त्रिकोणांवर आणला होता. इथेच पहिला घोटाळा झाला होता. Decimate एकूण आकार राखायचा प्रयत्न करतो, पण वेल कुठली आणि पान कुठलं हे त्याला माहीत नसतं. देठ आणि त्याच्यामागची खाच यांत दहा-बारा मिलिमीटरचाच फरक असेल आणि तिथे मोजकेच त्रिकोण उरले असतील, तर खाच भरून निघते आणि देठ पानाला चिकटतो. 'वेल पानात मुरते' ती अशी.

किती त्रिकोण ठेवायचे याचाही हिशेब करता येतो. या पट्टीत मला पाळी आणि देठ खऱ्या भूमितीत हवे होते, शिरा नॉर्मल मॅपमध्ये चालणार होत्या. ३५ मिलिमीटरचा देठ गोल दिसायला त्रिकोणाची बाजू ५ मिलिमीटरच्या आसपास हवी. अशा त्रिकोणाचं क्षेत्रफळ जेमतेम ११ चौरस मिलिमीटर. आवर्तनाचं सपाट क्षेत्रफळ ६०० गुणिले ४५०, म्हणजे २,७०,००० चौरस मिलिमीटर, म्हणून २५,००० त्रिकोण. उठावामुळे पृष्ठभाग वाढतो, म्हणून त्याच्या दुप्पट धरा: ५०,०००. एवढे त्रिकोण ठेवले तेव्हा वेल पुन्हा पानाखालून जाऊ लागली. आवर्तन ३५ वेळा येतं म्हणून घाबरायचं कारण नाही. Alt+D ने जोडलेल्या प्रती काढल्या की मेश मेमरीत एकदाच बसतो. Shift+D ने काढल्या तर मात्र प्रत्येक प्रतीचा मेश वेगळा होतो. ही चूक मी आजही अधूनमधून करतो.

दुसरा घोटाळा टेक्स्चरचा. आधीच्या फाइलमध्ये पूर्ण २१ मीटरची पट्टी एकाच ४०९६ पिक्सेलच्या टेक्स्चरवर पसरली होती. म्हणजे टेक्स्चरच्या एका ठिपक्याला ५ मिलिमीटरहून जास्त, आणि शिरांमधलं अंतर १२. तिथेही तीच जाळीवर जाळी. लोक अशा वेळी ८के टेक्स्चर मागतात. मी आवर्तन एकच ठेवलं आणि त्याला २०४८ गुणिले १५३६ चं टेक्स्चर दिलं. मिलिमीटरला तीनाहून जास्त ठिपके मिळाले आणि टेक्स्चर आधीपेक्षा लहान झालं. एकच ठसा ३५ वेळा उमटल्यासारखं दिसू नये म्हणून दगडाच्या रंगाचे आणि डागांचे तीन प्रकार केले. नक्षीला मात्र हात लावला नाही.

शिरा नॉर्मल मॅपमध्ये बेक करताना Selected to Active मधलं Extrusion पाहा. कमी त्रिकोणांचा मेश मूळ स्कॅनच्या अगदी जवळून जात असेल तर ०.००५, म्हणजे ५ मिलिमीटर, पुरेसं होतं. ते ४०-५० मिलिमीटर दिलं तर किरण पुढच्या पानावर आपटतो आणि मागच्या पानावर पुढच्याच्या शिरा छापल्या जातात. बेक केलेल्या मॅपवर धारदार कडांचे, अनोळखी तुकडे दिसले तर बहुधा हेच झालेलं असतं. Max Ray Distance लाही मर्यादा घाला, म्हणजे किरण फार लांबचं उचलणार नाही. बेकची इमेज तयार करताना 32-bit Float वर टिक करा आणि १६ बिटच्या PNG मध्ये साठवा. JPEG मध्ये नॉर्मल मॅप साठवला तर त्याचे आठ-आठ पिक्सेलांचे चौकोन दगडावर पुसट जाळीसारखे उमटतात, आणि ते शोधायला अख्खी दुपार जाते.

कोरीव काम सगळीकडे विचित्र कललेलं दिसत असेल तर मॅपचा Color Space तपासा. नॉर्मल मॅप रंग म्हणून वाचला गेला तर मधलं मूल्य ०.५ चं ०.२१ होतं. सपाट दगडही मग कललेला असल्यासारखा उजळतो. फाइलमध्ये असे वीस-पंचवीस मॅप असतील तर हाताने बदलत बसू नका:

```python
import bpy
for img in bpy.data.images:
    n = img.name.lower()
    if "normal" in n or "height" in n:
        img.colorspace_settings.name = 'Non-Color'
```

डावी-उजवी बाजू बरोबर पण वर-खाली उलटं, म्हणजे वरून प्रकाश असताना पानाची खालची कड उजळते, असं असेल तर हिरवं चॅनेल उलटं आहे. Blender ला OpenGL पद्धतीचा मॅप लागतो. DirectX पद्धतीच्या मॅपमध्ये हिरवं चॅनेल बरोबर उलट असतं. Separate Color ने चॅनेल वेगळे करा, हिरवं एकातून वजा करा, Combine Color ने परत जोडा. हा दोष लक्षात यायला वेळ लागतो, कारण उठावाची खोलगट नक्षी झाली तरी ती 'नक्षी'च दिसते. चुकलंय हे फक्त मूळ तुकडा हातात घेतलेल्या माणसाला कळतं.

डिस्प्लेसमेंटबद्दल थोडंच सांगतो, कारण या पट्टीत ते मी वापरलं नाही. हाइट मॅप पृष्ठभागाला फक्त पुढे-मागे ढकलतो. पानाची कड वळून तिच्याखाली पोकळी असेल तर ती पोकळी त्याला दाखवता येत नाही. उथळ नक्षीला मात्र ते चांगलं. तिथेही मॅप ८ बिटचा नको: ४० मिलिमीटर खोलीचे २५६ टप्पे केले की एक टप्पा ०.१६ मिलिमीटरचा येतो. ऐकायला हे बारीक वाटतं. पण १२० मिलिमीटर लांबीत जेमतेम ४ मिलिमीटर चढणारी पाकळी घेतली तर तिच्यावर पाच-पाच मिलिमीटर रुंदीच्या पंचवीस पायऱ्या पडतात, आणि तिरप्या उन्हात जवळून त्या दिसतात. मटेरियलच्या Settings मध्ये Displacement Only ऐवजी Displacement and Bump निवडा, म्हणजे मेशला न पकडता आलेला बारकावा बंप पकडतो.

जवळून स्वच्छ, लांबून विस्कटलेली

हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे मॉडेल निर्दोष असतं आणि तरी दोष मॉडेल करणाऱ्याच्या माथी मारला जातो.

आधी डीनॉइजर. पिक्सेलपेक्षा बारीक शिरा असतील तर एका पिक्सेलमध्ये शिरेची उजळ बाजू, तिची सावली आणि शेजारचा सपाट दगड असं सगळं येतं. कमी सॅम्पलमध्ये कुठल्या पिक्सेलला यांतलं काय वाट्याला येईल ते नशिबावर. परिणामी शिरा असलेला भाग दाणेदार दिसतो. हे दाणे नक्षीमुळे आले की सॅम्पल कमी पडल्यामुळे, हे डीनॉइजरला ओळखता येत नाही. तो काही ठिकाणी ते पुसून टाकतो, काही ठिकाणी त्यांची रेघ बनवतो. एका पानाला पाच शिरा आणि शेजारच्याला शून्य, हा त्याचाच प्रताप.

खात्री करायची तर कॅमेरा व्ह्यूमध्ये Ctrl+B ने पट्टीचा लहानसा चौकोन निवडा आणि तेवढाच भाग दोनदा रेंडर करा, एकदा डीनॉइजरसह, एकदा त्याच्याशिवाय पण भरपूर सॅम्पल देऊन. दुसऱ्या चित्रात पानं एकसारखी दिसली, शिरांच्या जागी सगळीकडे सारखाच मंद पोत दिसला, तर गुन्हेगार सापडला. माझ्या फाइलमध्ये Noise Threshold ०.१ होता आणि कमाल सॅम्पल २५६. कोणीतरी चाचणीसाठी ठेवले होते आणि ते तसेच शेवटपर्यंत आले. ते ०.०१ आणि २०४८ केले. डीनॉइजरचं Passes हे Albedo and Normal वर आणि Prefilter हे Accurate वर आहे ना तेही पाहिलं. सहसा ते आधीपासून तसंच असतं, पण वेगासाठी कोणी बदललेलं असू शकतं.

डीनॉइजरला नक्षी दिसते का हेही तपासता येतं. View Layer मध्ये Denoising Data चालू करा आणि Denoising Normal हा पास उघडून पाहा. त्यात पाळ्या आणि देठ स्वच्छ असतील तर डीनॉइजरकडे माहिती आहे, कमी पडलेत ते सॅम्पल. त्यातच लापशी दिसत असेल तर तो घटक पिक्सेलच्या मानाने फार बारीक आहे आणि सेटिंगने काही होणार नाही. डीनॉइज न केलेलं मूळ चित्र Noisy Image या पासमध्ये मिळतं. अंतिम चित्रात पट्टीपुरता क्रिप्टोमॅट मास्क घेऊन मी डीनॉइज केलेल्यात तीस टक्के मूळ मिसळतो. थोडी दाणेदार दगडी पट्टी कोणाच्या डोळ्यात भरत नाही, मेणासारखी गुळगुळीत पट्टी लगेच भरते.

मग मणीमाळ. तिचा दोष वेगळा, आणि तो सॅम्पल वाढवून जात नाही. १८ मिलिमीटरचं अंतर आणि ७ मिलिमीटरचा पिक्सेल, म्हणजे ७ मणी बरोबर १८ पिक्सेलांत बसतात. काहींना तीन पिक्सेल मिळतात, काहींना दोन. म्हणून दोन ठळक, एक पुसट अशी लय दिसते आणि ती पूर्ण इमारतभर चालते. Film मध्ये Pixel Filter ची रुंदी १.५ वरून २ केली तर ही लय मंदावते, पण मणीही मंदावतात आणि सगळ्या चित्राला किंचित धूसरपणा येतो.

मी केलं ते असं. चित्राची चौकट तीच ठेवली आणि रिझोल्यूशन ३८४० गुणिले २१६० ऐवजी ४४८० गुणिले २५२० केलं. दोन्ही बाजू सात-षष्ठांश वाढल्या, म्हणून एका पिक्सेलला ७ ऐवजी बरोबर ६ मिलिमीटर आले, आणि १८ भागिले ६ म्हणजे प्रत्येक मण्याला तीन पिक्सेल. माळ एकसारखी झाली. यासाठी कॅमेरा दर्शनी भागाच्या बरोबर समोर आणि भिंतीला समांतर हवा. उंचीसाठी कॅमेरा वर कलवायचा नाही, Shift Y वापरायचं. तसं केलं की भिंतीच्या पातळीत तळमजल्यापासून कळसापर्यंत एका पिक्सेलचे मिलिमीटर सारखेच राहतात. कॅमेरा वर कलवला की वरची पट्टी आक्रसते आणि हिशेब बिघडतो. अर्थात, ४४८० चं चित्र नंतर कोणी ३८४० वर आणलं की मणी परत नाचायला लागतात. मी एकदा हे चित्र अशा जागी पाठवलं जिथे ते आपोआप लहान होऊन गेलं, आणि समोरच्याने फोनवर पाहून तीच जुनी तक्रार पाठवली. आता फाइलच्या नावातच पिक्सेल लिहितो.

शिरांचं काय? ६ मिलिमीटरला त्या नेमक्या दोन पिक्सेलांवर आल्या. अजूनही वाचता येत नाहीत, आणि मी त्यांना वाचता येतील असं केलंही नाही. सातऐवजी तीन जाड शिरा घालायची सूचना आली होती. लांबून ते सुबक दिसलं असतं. पण हे चित्र पाहून कोणीतरी दगड कोरणार होतं, आणि चित्रात तीन म्हणजे दगडात तीन होण्याची शक्यता खरीच होती.

नक्षी आहे, पण उठत नाही

कधी वरचं सगळं नीट असतं आणि तरी पट्टी सपाट छापल्यासारखी दिसते. हा नक्षीचा दोष नाही, उन्हाचा आहे. सूर्य भिंतीच्या समोरून येत असेल तर सावल्या उठावाच्या मागे लपतात. या पट्टीतला सर्वसाधारण उठाव १५ मिलिमीटरचा. ऊन भिंतीशी ४५ अंशांचा कोन करत असेल तर त्याची सावली १५ मिलिमीटरच पडते, म्हणजे अडीच पिक्सेल. तेच ऊन भिंतीला घासून, २० अंशांच्या कोनात आलं तर सावली ४१ मिलिमीटर होते, जवळजवळ सात पिक्सेल. तिथे पाळी पाळीपासून सुटी दिसते.

मात्र १० अंशांवर नेऊ नका. मग ४० मिलिमीटर उठावाच्या मोठ्या पानाची सावली २२७ मिलिमीटर, म्हणजे पट्टीच्या साधारण अर्ध्या उंचीएवढी पडते आणि शेजारचं पान गिळते. मी २० ते ३० च्या मध्ये थांबतो. नुसतं ढगाळ आकाशाचं HDRI लावून कोरीव काम दाखवायचा नाद मी सोडलाय. त्यात रंग सुरेख येतो आणि नक्षी मरते.

तिरपं चित्र

समोरचं चित्र मान्य झाल्यावर कोपऱ्यातून तिरपं चित्र मागितलं गेलं. त्यात सगळ्या भिंतीला एकच आकडा लागू होत नाही. जवळच्या आणि लांबच्या टोकाला भिंतीलगत एक-एक मीटरचा क्यूब ठेवा आणि त्याची भिंतीकडची बाजू किती पिक्सेल आली ते मोजा. माझ्याकडे जवळच्या टोकाला २०० पिक्सेल आले, म्हणजे ५ मिलिमीटरचा पिक्सेल. लांबच्या टोकाला ६० आले, म्हणजे जवळपास १७. तिथे देठच दोन पिक्सेलांचा होतो. त्या टोकाला वेल पानाखालून जाते की वरून, हे चित्रात दाखवता येणारच नव्हतं, मग रिझोल्यूशन थोडंफार वाढवून काय साधणार?

म्हणून तिरपं चित्र २०० टक्के रिझोल्यूशनवर रेंडर केलं आणि छापायला त्याच आकारात दिलं. लांबचं टोक तरीही सव्वाआठ मिलिमीटरच्या आसपासच राहिलं. तिथली सुमारे शेवटची दहा आवर्तनं पोत म्हणूनच वाचली जातात, हे पाठवताना लिहून दिलं. सोबत एकाच आवर्तनाचं जवळचं चित्र, मूळ नमुन्याच्या फोटोशेजारी, दोन्ही एकाच मापात. समोरच्याने त्यावर शिरा मोजल्या. सात होत्या. मग त्याने खालच्या पाकळ्या मोजल्या आणि नमुना तुकड्यावरच एक पाकळी तुटलेली निघाली, जी माझ्या स्कॅनमध्ये आणि त्यामुळे ३५ ही आवर्तनांत इमानेइतबारे तुटलेली होती.